मॅशचे अकरा सीझन क्रमाने बघितले: मार्गारेट नक्की कधी बदलली?

जुन्या लांबलचक मालिका बघणाऱ्यांमध्ये एक तक्रार कायम असते, की अमुक पात्र पहिल्या सीझनमध्ये एक होतं आणि सातव्यात भलतंच झालं, लेखकांना आधीचं काही आठवत नव्हतं का? मॅशमधल्या मेजर मार्गारेट हूलिहानबद्दल हे मी इतक्या वेळा ऐकलं आणि स्वतःही इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी ठरवलं, तुकड्या-तुकड्यांत बघणं बंद, पहिल्या भागापासून शेवटपर्यंत क्रमाने बघायचं आणि हातात वही घेऊन बसायचं. पार पडलं एकदाचं. कुणाला कुठल्याही मालिकेवर असं काही करायचं असेल तर वाट चुकू नये म्हणून लिहून ठेवतोय.

ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोरियन युद्धातलं अमेरिकन लष्कराचं फिरतं हॉस्पिटल, त्यातले डॉक्टर आणि नर्सेस, आणि मार्गारेट ही तिथली मुख्य नर्स. १७ सप्टेंबर १९७२ ला सीबीएस या अमेरिकन चॅनलवर पहिला भाग आला आणि २८ फेब्रुवारी १९८३ ला अडीच तासांचा शेवटचा. मधे ११ सीझन, २५६ भाग. प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा धरला तरी शंभर तासांच्या वर जातं, म्हणजे वीकेंडला बसून संपवू असा विचार असेल तर सोडून द्या.

पहिली अडचण बघण्याच्या आधीच आली. केबलवर पुनःप्रक्षेपणात जे भाग लागायचे त्यातले बरेचसे जाहिरातींना जागा करायला दोन-तीन मिनिटांनी कापलेले असतात, आणि कापतात काय तर विनोद नाही, दोन माणसं शांतपणे बोलतायत असे छोटे सीन! आपल्याला नेमके तेच हवेत. म्हणून डीव्हीडीचे पूर्ण संच शोधले. ते एका लायब्ररीत मिळाले, पण तिथे एका वेळी एकच सीझन घरी न्यायला मिळणार, प्रत्येक वेळी वेगळा फॉर्म, डिपॉझिट भरायचं, आणि परत करताना सगळ्या डिस्क मोजून घेणार. पाचवा सीझन दुसऱ्या कुणाकडे होता, त्याचं रिझर्व्हेशन टाकून बरेच आठवडे थांबावं लागलं. टीप म्हणून सांगतो, सुरुवातीलाच सगळ्या सीझन्सची रिझर्व्हेशनं एकदम टाकून ठेवा, आणि डिस्क तिथल्या तिथे उजेडात धरून चरे बघा, नाहीतर नंतर ते तुमच्या नावावर पडतात. एकूण खर्चात पैसे फार गेले नाहीत, वेळ मात्र प्रचंड गेला.

वहीत काय लिहायचं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. भागाचं नाव, प्रक्षेपणाची तारीख, प्रॉडक्शन कोड, लेखक कोण, मार्गारेटला बाकीचे काय म्हणून हाक मारतात, आणि सीनमधलं हसू तिच्यावर येतं की तिच्या बोलण्यावर येतं. शेवटचे दोन रकाने सगळ्यात कामी आले. प्रॉडक्शन कोड म्हणजे भाग बनवल्याच्या क्रमाचा नंबर, तो लिहिण्याचं कारण म्हणजे भाग शूट होतात एका क्रमाने आणि दाखवले जातात कधीकधी वेगळ्याच, त्यामुळे पात्र एका आठवड्यापुरतं मागे गेल्यासारखं वाटतं आणि आपण उगाच लेखकांना बोल लावत बसतो.

पहिले दोन सीझन खरं सांगायचं तर जड गेले. मार्गारेट तिथे जवळजवळ फक्त एका कामासाठी आहे: डॉक्टर फ्रँक बर्न्सबरोबर मिळून हॉकाय आणि ट्रॅपर या दोन थट्टेखोर डॉक्टरांच्या विरोधात कारस्थानं करायची आणि भागाच्या शेवटी तोंडघशी पडायचं. फ्रँक विवाहित, हिच्याशी चोरून संबंध, आणि दोघं मिळून हॉस्पिटलचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेकच्या डोक्यावरून वरच्या जनरल लोकांकडे तक्रारी करणार. हाक बहुतेक ‘हॉट लिप्स’ अशीच, हे टोपणनाव मूळ कादंबरीतून आणि १९७० च्या सिनेमातून आलेलं. हसू कायम तिच्यावर. ही रचना आहे, स्वभाव नाही, हे मला तेव्हा हळूहळू लक्षात यायला लागलं. त्या काळात चॅनलला मालिकेचे भाग कुठल्याही क्रमाने लावता यायला हवे असायचे, म्हणून भागाच्या शेवटी सगळे होते तिथे परत यायचे. पात्राने काही शिकणं परवडतच नसे.

आणि मग दुसऱ्या सीझनमध्येच, १९७३ च्या डिसेंबरमधला ‘हॉट लिप्स अँड एम्प्टी आर्म्स’ नावाचा भाग लागला आणि मी रिमोट खाली ठेवून नीट बसलो. मार्गारेटला एका मैत्रिणीच्या सुखी संसाराची बातमी कळते, तिला स्वतःचं सगळं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटतं, फ्रँकला ती झटकते, बदली मागते, पिऊन बेजार होते. हे सगळं तेव्हाच! लोक म्हणतात पाचव्या सीझनमध्ये ती अचानक माणूस झाली, पण नाही, बी इथे पडलंय. फक्त भाग संपला की सगळं पुसलं जातं, पुढच्या भागात ती परत फ्रँकच्या तंबूत. लेखकांच्या रकान्यात मी लिहिलं: लिंडा ब्लडवर्थ आणि मेरी के प्लेस. पहिलं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी मालिकेत खूप मोठी उलथापालथ झाली. मॅक्लीन स्टीव्हन्सन (कर्नल ब्लेक) आणि वेन रॉजर्स (ट्रॅपर) दोघेही मालिका सोडून गेले. १९७५ मध्ये त्यांच्या जागी हॅरी मॉर्गनचा नवा प्रमुख कर्नल पॉटर आणि माइक फॅरेलचा डॉक्टर बीजे हनिकट आला. मार्गारेटवर याचा काय परिणाम? वरवर काहीच नाही, तिच्यासाठी एकही खास सीन लिहिला नाहीये. पण चौथा सीझन बघताना माझा हाकेचा रकाना बदलायला लागला. हेन्री ढिला माणूस होता, त्याच्यासमोर तिची शिस्त म्हणजे कटकट वाटायची. पॉटर हा जुना घोडदळातला, आयुष्यभर सैन्यात काढलेला माणूस, तो तिला मेजर म्हणून वागवतो आणि तिच्या शिस्तीची त्याला गरज आहे. तीच बाई, तेच बोलणं, समोरचा माणूस बदलला म्हणून ती वेगळी दिसायला लागली. पात्राचा स्वभाव बदलला असं ज्याला आपण म्हणतो त्यातला निम्मा भाग असा असतो, असं माझं मत झालंय. बीजेमुळेही तेच झालं, ट्रॅपरसारखा बायकांच्या मागे धावणारा जोडीदार गेला आणि बायकोवर मनापासून प्रेम करणारा आला, तर हॉकायचे तसले उद्योगही आपोआप कमी व्हायला लागले कारण शेजारी टाळ्या वाजवणारं कुणी उरलं नाही.

मग पाचव्या सीझनसाठीची ती लांब वाट. या काळात मी पडद्यामागचं वाचून काढलं, आणि तुम्हीही हे मधेच करा, आधी करू नका, नाहीतर डोळे पूर्वग्रहाने बघतात. चौथा सीझन संपल्यावर लॅरी गेलबार्ट, म्हणजे मालिका मुळात ज्याने घडवली तो लेखक, बाहेर पडला. लोरेटा स्विट, मार्गारेटचं काम करणारी, बऱ्याच दिवसांपासून आपल्या पात्रासाठी भांडत होती. तिचं म्हणणं साधं होतं, की या बाईने एवढं सगळं सोसलंय तर ती दरवेळी पहिल्या जागी कशी परत जाते? युद्धाचा तिच्यावर काहीतरी परिणाम व्हायलाच हवा. अ‍ॅलन आल्डा, म्हणजे हॉकाय, तोही स्त्रियांच्या समान हक्कांच्या चळवळीत उघडपणे उतरलेला होता आणि मालिकेत त्याचं वजन वाढत चाललं होतं. म्हणजे कारणं सगळी बाहेरची: एक लेखक गेला, एक नटी अडून बसली, काळ बदलला. आता हे सगळं पडद्यावर कसं समजावणार? प्रेक्षकाला तर सांगता येत नाही ना की आमच्या नटीचा आग्रह होता म्हणून.

त्यांनी काय केलं तर सीझनच्या सुरुवातीलाच, १९७६ च्या सप्टेंबरमध्ये, मार्गारेट टोकियोहून परत येते ती साखरपुडा करूनच. लेफ्टनंट कर्नल डोनाल्ड पेनबस्कॉट. भागाचं नाव ‘मार्गारेट्स एंगेजमेंट’. पहिल्यांदा मला हे फार स्वस्त वाटलं होतं, कोण कुठला डोनाल्ड, आपण त्याला बघितलाही नाही. पण वही घेऊन बघितल्यावर त्यातली हुशारी कळली. लेखकांना तिला एकाएकी समजूतदार करायचं नव्हतं, त्यांना फक्त तिला फ्रँकपासून तोडायचं होतं. ती जोडी म्हणजे एक विनोदी यंत्र होतं, ते चालू असेपर्यंत तिचं काही वेगळं करताच येत नव्हतं. साखरपुड्याने ते यंत्र मोडलं आणि त्यासाठी तिच्या स्वभावातलं काहीही खोटं करावं लागलं नाही, कारण वरच्या हुद्द्याचा, करारी, फौजी माणूस तिला आवडणार हे तर आपल्याला पहिल्या सीझनपासून माहीतच होतं. (गंमत म्हणजे डोनाल्ड पुढे दोनदा दिसतो आणि दोन्ही वेळा नट वेगळा आहे. म्हणजे लेखकांना तो माणूस म्हणून किती हवा होता ते बघा.)

त्यानंतर लगेच ऑक्टोबरमध्ये ‘द नर्सेस’. लेखिका लिंडा ब्लडवर्थ! क्रेडिट बघून मी चक्क उठून उभा राहिलो. मार्गारेटने एका नर्सला शिक्षा म्हणून तंबूत अडकवून ठेवलंय, नेमका त्या नर्सचा नवरा थोड्या तासांची सुट्टी काढून भेटायला आलाय, मग सगळे मिळून मार्गारेटला फसवून त्या दोघांची भेट घडवून आणतात. दोन सीझन आधी हा भाग तिच्या फजितीवर संपला असता. इथे ती नर्सेसच्या तंबूत येते आणि त्यांना विचारते, की तुम्ही कधी मला तुमच्यात बसवून घेतलंत का, या तंबूवरून जाताना आतलं हसणं ऐकू येतं आणि आपल्याला आत जागा नाही हे कळतं तेव्हा कसं वाटतं माहितीये का, कधी साधी कॉफी तरी विचारलीत? त्यांच्यातली एक म्हणते, आम्हाला वाटलं तुम्ही नाही म्हणाल. मार्गारेट म्हणते, चुकीचं वाटलं तुम्हाला.

हा सीन मी मागे-पुढे करून परत परत बघितला आणि हसण्याचा आवाज बंद करून पण बघितला (डीव्हीडीवर ती सोय आहे, त्याबद्दल शेवटी). बघा, यात ती बदललेली नाहीये. शिस्त तीच, आवाज तोच चढा, शिक्षा योग्यच होती असंच तिचं मत. बदललं इतकंच की त्या शिस्तीची किंमत ती काय मोजत होती हे आपल्याला पहिल्यांदा कळलं, आणि त्यामुळे मागचे चार सीझन पण वेगळे दिसायला लागले. पात्र बदलायचं तर हा उत्तम मार्ग आहे असं मला वाटतं: नवीन गुण चिकटवायचा नाही, जुन्या गुणाची मागची बाजू दाखवायची. दुसऱ्या सीझनमध्ये याच लेखिकेला जे पुसून टाकावं लागलं ते आता पुसलं गेलं नाही, एवढाच फरक.

याच सीझनच्या शेवटी, १९७७ च्या मार्चमध्ये तिचं लग्न लागतं, आणि लॅरी लिनव्हिल म्हणजे फ्रँक मालिका सोडतो. त्याचा पाच वर्षांचा करार संपला होता आणि या पात्राचं आता पुढे काही होऊ शकत नाही असं त्याला वाटत होतं. बरोबरच होतं त्याचं. मार्गारेट वाढली आणि फ्रँक होता तिथेच राहिला, तर तो अजूनच बावळट दिसायला लागला, सगळे जोक एकट्याच्या अंगावर. एक पात्र वाढवलं की शेजारचं पात्र कसं सपाट होत जातं हे बघायचं असेल तर पाचवा सीझन फक्त फ्रँककडे बघत बघा, वाईट वाटतं. जाताना त्याला निरोपाचा सीनसुद्धा नाही, सुट्टीवर असताना डोकं फिरलं आणि शेवटी बढती देऊन मायदेशी पाठवला अशी बातमी येते फक्त.

सहावा आणि सातवा भराभर झाले. १९७७ च्या डिसेंबरमधला ‘कॉम्रेड्स इन आर्म्स’ हा दोन भागांचा, आल्डाने लिहिलेला, यात ती आणि हॉकाय गोळीबारात एका झोपडीत अडकतात. त्याआधीच डोनाल्डचं दुसऱ्याच बाईसाठीचं पत्र चुकून तिच्या हातात पडलेलं असतं. एक रात्र जवळ येतात, सकाळी परत खटके उडतात, पण शेवटी मैत्री उरते. यानंतर माझ्या हाकेच्या रकान्यात ‘मार्गारेट’ हेच जवळजवळ कायम. १९७९ च्या सुरुवातीला तिचा घटस्फोट होतो, आणि त्या भागाच्या नावात ‘हॉट लिप्स’ परत आणलंय, बहुधा मुद्दामच. म्हणजे लग्न हे तिच्या बदलाचं कारण नव्हतंच, फ्रँककडून स्वतःकडे येण्यासाठीचा पूल होता, काम झाल्यावर काढून टाकला.

आठव्या सीझनला थोडा कंटाळा आला होता पण क्लिंगरने वाचवलं. हा क्लिंगर वेडा ठरून घरी जायला मिळावं म्हणून बायकांचे कपडे घालून फिरायचा, पहिल्या सीझनमध्ये एका भागापुरता आणलेला, जेमी फारने काम असं केलं की कायमचा झाला. १९७९ मध्ये रडार नावाच्या कंपनी क्लर्कचं काम करणारा गॅरी बर्गहॉफ गेला आणि ती खुर्ची रिकामी झाली. तिकडे जेमी फारची स्वतःची मुलं मोठी होत होती, बाबांच्या कपड्यांवरून त्यांना कुणी चिडवू नये म्हणून त्यालाही ते थांबवायचं होतं. दोन बाहेरच्या अडचणी, एकच उत्तर: क्लिंगर क्लर्क होतो, जबाबदारी येते, कपडे सुटतात. पटतं का? मला अर्धवट पटलं. घरी जायला जो माणूस सात वर्षं धडपडला त्याची ती तगमग कुठे गेली याचं उत्तर नीट मिळत नाही, नोकरीने माणूस सुधारला एवढंच.

आणि हॉकायचं काय? त्याचं तर स्पष्टीकरणच नाही. सुरुवातीचा बाईवेडा, मस्तीखोर हॉकाय नंतर विवेकाचा आवाज होऊन बसतो आणि असा एकही भाग नाही की जिथे बोट ठेवून म्हणता येईल, इथे झालं. बदल इतका हळू आणि त्याचा नटच लेखक-दिग्दर्शक, तर समजावून कोण कुणाला सांगणार! त्याच्या घरच्यांचा तर घोळच आहे, सुरुवातीच्या पत्रांमध्ये आई आणि बहीण आहेत, पुढे आई तो लहान असतानाच वारलेली आणि तो एकुलता एक. असल्या चुका शोधण्यात मजा येते पण त्यांना स्वभावातला बदल समजू नका, ही नुसती नोंदी न ठेवल्याची गडबड आहे. तारखांचंही तसंच. खरं युद्ध १९५० ते १९५३, तीन वर्षांचं, मालिका अकरा वर्षं चालली. पॉटर कॅम्पात येतो ती तारीख सप्टेंबर १९५२ अशी सांगितलीय, आणि नवव्या सीझनमध्ये एका भागात १९५१ चं अख्खं वर्ष दाखवलंय, त्यात पॉटर आहेच! प्रेक्षकाने मार्गारेटला वयाने अकरा वर्षं पुढे जाताना बघितलं, कथेत ती जेमतेम तीनच वर्षं जगली, म्हणून तिचा बदल कागदावर फार वेगवान वाटतो पण बघताना तसा वाटत नाही.

सगळं संपल्यावर सवय लागली म्हणून दुसऱ्या मालिकांनाही हीच फूटपट्टी लावतो. पात्र काही भाग गायब होतं आणि परत येतं ते स्वभाव बदलून, असं दिसलं की आधी त्या नटाने त्या काळात काय केलं ते बघायचं. अमेरिकन ‘द ऑफिस’च्या नवव्या सीझनमध्ये अँडी बोटीवर बसून तीन महिने निघून जातो आणि परत आल्यावर असह्य होतो, तर त्याच सुमारास अँडीचं काम करणारा एड हेल्म्स ‘हँगओव्हर’च्या तिसऱ्या सिनेमाच्या शूटिंगला गेला होता. बोट हे नट का गेला याचं उत्तर आहे, अँडी असा का वागतो याचं नाही, आणि प्रेक्षकाला ते जाणवतंच.

अकराही सीझन बघायला वेळ नसेल तर फक्त मार्गारेटसाठी एवढं बघा: पहिल्या सीझनमधले कुठलेही दोन-तीन भाग, मग ‘हॉट लिप्स अँड एम्प्टी आर्म्स’, ‘मार्गारेट्स एंगेजमेंट’, ‘द नर्सेस’ आणि ‘कॉम्रेड्स इन आर्म्स’चे दोन्ही. याच क्रमाने. आणि डीव्हीडीच्या भाषेच्या मेनूत जाऊन रेकॉर्ड केलेलं हसू बंद करा, ते मुळात चॅनलच्या हट्टामुळे घातलेलं होतं, निर्मात्यांना नकोच होतं, ऑपरेशन थिएटरच्या सीनमध्ये तर त्यांनी ते येऊच दिलं नाही. हसू बंद केल्यावर पहिल्या सीझनमधली मार्गारेटसुद्धा तितकीशी हास्यास्पद वाटत नाही, नुसतीच एकटी आणि चिडलेली वाटते.